पाच फुगे फोडले की माउस दुसऱ्याला

"दोन पोरांत एक माउस? बाई, तासाभरात झिंज्या उपटतील! हरलो तर मी फाटकात कोंबड्यासारखा आरवेन, नाहीतर तुम्ही!" शेजारच्या शिंपीकाकांनी कॉम्प्युटरच्या बाईंशी पैज लावली आणि ते लॅबच्या खिडकीत टपून बसले.

पहिलीच्या पोरांना नियम एकच, पडद्यावरचे पाच फुगे फोडले की माउस जोडीदाराला. तास संपत आला आणि एका चिमुरडीचा बाण चौथ्या फुग्यानंतर मध्येच अडला. तिचा माउस टेबलाच्या कडेला पोचला होता. जोडीदाराने हात पुढे केला. बाई झटकन पुढे सरसावल्या.

"अगं, उचल आणि परत मध्ये ठेव," तो म्हणाला.

पाचवा फुगा फुटला, माउस त्याच्याकडे गेला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटताना काका फाटकात आरवले. पोरं ओरडली, "वन्स मोर!"