खालच्या डेकवरची केबिन

सकाळी सव्वानऊला कोलकात्याच्या क्रूझ कंपनीचं उत्तर आलं. संध्याकाळी जळगावहून हावड्याची गाडी होती.

केवलचंदांनी मोबाइलवरचा मेल मोठ्याने वाचला. जेवण जैन, कंदमुळं वर्ज्य, सूर्यास्ताआधी वाढू. घाटावर व्हीलचेअर मिळेल. केबिनही त्यांनी मागितली तशीच, सगळ्यात खालच्या मजल्यावर.

"बघ राजकुंवर, ग्राउंड फ्लोअर दिला!"

गुडघे गेल्यापासून राजकुंवरबाई पिंप्राळ्याच्या घरातही तळमजल्यावरच झोपत. बोटीने अजीमगंजला जाऊन तिथल्या जिनमंदिरांचं दर्शन घ्यायचं, हे त्यांच्या मनात कधीचं होतं. त्या हसल्या. सून पलक मात्र हसली नाही. तिने फोन हातात घेतला.

"पप्पाजी, बोटीत खालचा मजला म्हणजे तळघरच. आपण चढणार मधल्या डेकवर. तिथून केबिनला जिना उतरायचा, जेवायला परत चढायचं. लिफ्ट नाही."

"खलाशी असतील ना! धरतील."

पलकने पुढचं वाचलं. धोक्याची घंटा झाली की प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून वरच्या डेकवर जमायचं. जिना स्वतः चढता न येणाऱ्यांनी आधी कळवावं. त्यांना घ्यायचं की नाही, हे कप्तान ठरवेल.

राजकुंवरबाईंना ती केबिन डोळ्यांपुढे दिसू लागली. उशीशेजारी गोल खिडकी, खिडकीला लागून काळं पाणी, डोक्यावर धावणारी पावलं, आणि आपण जिन्याच्या पहिल्या पायरीशी. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडल्या तेव्हा दार ठोठावायलाही बळ उरलं नव्हतं.

"अहो, माझ्या पायांबद्दल काय लिहिलं होतं तुम्ही?"

"जरा हळू चालते, असं. परक्यांना घरातलं दुखणं कशाला सांगायचं?"

"आणि घंटा झाली तर?"

"तुला सोडून मी वर जाईन का? वेडी आहेस!"

जाणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. आता भीती दुप्पट झाली.

"पलक, लिही," त्या म्हणाल्या. "काठीशिवाय उभं राहता येत नाही. जिना चढता येत नाही. मधल्या डेकवर, जेवणघराजवळ केबिन द्या."

"अगं, नाही म्हणाले तर?" केवलचंदांचा आवाज चिरकला. "सामान बांधलंय!"

"तर सोडू. लिही गं."

मेल गेला. दुपारी पलकने फोन लावला. मधला डेक भरलाय, एका जोडप्याचं येणं नक्की नाही, कप्तानाला विचारून कळवतो, असं तिकडची बाई म्हणाली.

केवलचंद तीनदा बॅगेचं कुलूप ओढून बघून आले. राजकुंवरबाईंनी सूर्यास्ताआधी दोन घास खाल्ले, पाणी प्यायल्या आणि काठी मांडीवर घेऊन बसल्या.

रिक्षा दारात आली तेव्हा कंपनीचं उत्तर आलेलं नव्हतं.