ओळ एकशे तीसमधला आय

हिलालला कायम केलं. मंडळाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, तीन प्रतींत.

असं काही झालेलंच नाही असं धरून पुढं वाचावं. हिलाल स्वतः तसंच धरून चालतो. पगारपत्रकावर सही करताना तो दुसरीकडे बघतो, त्यामुळे सही रेषेच्या खाली जाते आणि हेडक्लार्क तोतारामभाऊ ती परत करायला लावतात.

तर, हिलाल रोजंदारीवर होता. धुळ्यात आमच्या शिक्षण मंडळाची नर्सिंगची शाळा आहे. जागा चाळीस, आणि त्र्याण्णव साली अर्ज आले एकशे चाळीस. लेखी परीक्षा शंभर मार्कांची, मुलाखत पन्नासची. दोन्हींची बेरीज करून गुणवत्ता यादी काढायला मंडळाने आदल्या वर्षी कॉम्प्युटर घेतला होता. प्रोग्राम लिहिला पुण्याच्या एका इंजिनियरने. तो प्रोग्राम देऊन अमेरिकेला गेला. मशीन चालवायला नरडाण्याचा हिलाल ठेवला. त्याला बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा येत होती, आणि तो स्वस्त होता.

फ्लॉप्या दोन होत्या. एकीवर मुलींचे मार्क, दुसरीवर प्रोग्राम. हिलालने तिसरी मागितली होती, प्रोग्रामची नक्कल ठेवायला. तोतारामभाऊंनी अर्जावर शेरा मारला की एक चालू स्थितीत असताना दुसरीची गरज दिसून येत नाही.

यादी सोमवारी लागायची होती. त्याआधीच्या बुधवारी हिलालने प्रोग्रामची फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि तो पाणी प्यायला गेला. ऑफिसात टेबलावर आलेली प्रत्येक वस्तू आवक होते. तोतारामभाऊंनी तिच्यावर आवकचा शिक्का मारला. ते शिक्का मारतात तेव्हा शेजारच्या टेबलावरचा चहा हलतो. मग बॉलपेन दाबून त्यांनी नंबर लिहिला, ४१७. हिलाल परत येईपर्यंत फ्लॉपी रीतसर दाखल झाली होती आणि कायमची गेली होती.

नाना, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, यांनी हिलालला बोलावलं. नानांच्या टेबलावर काचेखाली हिलालचा कायम नेमणुकीचा आदेश टाईप होऊन पडलेला होता, फक्त सही बाकी. तो सहा महिने तिथंच होता. प्रत्येक वेळी आत गेलं की हिलालला काचेतून आपलं नाव उलटं वाचायला मिळे. नाना म्हणाले की सोमवारी यादी लागली तर मंगळवारी सही, नाही लागली तर मंगळवारपासून यायची तसदी घेऊ नये.

आता प्रोग्राम जगात एकाच जागी उरला होता: नानांच्या फोटोत.

कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं तेव्हा पडद्यावर काहीतरी दिसावं म्हणून इंजिनियरने प्रोग्रामच उघडून ठेवला होता. चोवीस ओळी, बरोब्बर एका पडद्यात मावणाऱ्या. नाना पडद्याकडे बोट दाखवून उभे होते आणि गल्ली नंबर सहामधल्या स्टुडिओच्या केवलचंदने फोटो काढले. सगळ्या फोटोंत फ्लॅशने पडद्याचा आरसा केला होता. एका फोटोला फ्लॅश पेटलाच नाही. त्यात नाना काळेकुट्ट आले आणि ओळी दिसत होत्या. केवलचंदने तो फोटो खराब म्हणून बाजूला टाकला होता.

हिलालने निगेटिव्ह शोधायला लावली आणि बारा बाय पंधराची मोठी प्रत मागितली. केवलचंदने रात्रीतून करून दिली. नानांचा चेहरा सुंदर मोठा केला होता, त्यासाठी कॉम्प्युटर कापून टाकला होता. हिलालने समजावलं की नाना नकोत, मशीन पाहिजे. केवलचंदने स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की मंडळात काही बदल होणार आहे का.

शुक्रवारी दुसरी प्रत आली. ओळी दिसत होत्या, पण अक्षरं शिजून मऊ झाल्यासारखी होती. शून्याच्या पोटात मशीन जी तिरकी रेघ दाखवतं ती फोटोत विरघळली होती, त्यामुळे शून्य आणि ओ जुळे भाऊ. एक, कॅपिटल आय, दोन्ही नुसत्या काठ्या. आठ आणि बी, पाच आणि एस यांचंही तसंच.

टाईप करायचं काम सुमनबाईंचं. ऑफिसात टायपिस्ट असताना दुसऱ्याने टाईप केलं तर युनियनचं पत्र येतं. सुमनबाईंनी उभा जन्म जुन्या टाईपरायटरवर काढलेला. त्या मशीनला एक आणि शून्य या कळाच नव्हत्या. एक हवा तर स्मॉल एल मारायचा, शून्य हवं तर कॅपिटल ओ. कागदावर फरक कुणाला कळत नसे, आणि त्यांचं बोट वीस वर्षांत तिथंच जायला शिकलं होतं. वर्डस्टारमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या टायपिंगमध्ये, त्यांनी अर्ध्या तासात चोवीस ओळी मारल्या, एकही खाडाखोड नाही. कागदावर छापून बघितलं तर देखणं दिसत होतं.

हिलालने फाईल बेसिकमध्ये चढवली. मशीनने पहिल्याच ओळीला नकार दिला. ओळीचा नंबर दहा होता, पण मशीनला दिसत होता एल आणि ओ, आणि आकड्याने सुरू न होणारी ओळ त्याला प्रोग्रामची ओळ वाटत नाही. सुमनबाईंना हा अपमान वाटला. त्या म्हणाल्या, "साठच्या स्पीडने पास झालेय मी. त्याला वाचता येत नाही त्याला मी काय करू?"

हिलाल शांतपणे बसला आणि त्याने विचार केला. तो विचार बरोबर होता, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. पडद्यावरचा प्रोग्राम सगळा कॅपिटलमध्ये होता. म्हणजे सुमनबाईंच्या फाईलमध्ये स्मॉल एल जिथं जिथं असेल तिथं तिथं तो एक हा आकडाच असणार. त्याने वर्डस्टारला सांगितलं, प्रत्येक स्मॉल एल काढ, एक घाल. झालं. ओचं मात्र असं सरसकट करता येईना, कारण FOR मध्ये ओ आहे, GOTO मध्ये दोन आहेत. ते त्याने एकेक करून तपासले. ओळींचे नंबर दहा-दहाने वाढतात, म्हणजे नंबराच्या शेवटी शून्यच. शब्दाच्या पोटात असेल तर ओच. एके ठिकाणी शून्याऐवजी ओ राहून गेला, पण मशीनने तक्रार केली नाही. बेसिकमध्ये ज्या अक्षराला कुणी किंमत दिलेली नसते त्याची किंमत शून्यच धरतात. हिलालला ते रोजंदारीच्या नियमांशी मिळतंजुळतं वाटलं आणि त्याने ती ओळ तशीच ठेवली.

रविवारी दुपारी प्रोग्राम चालला. एकही चूक नाही. सोमवारी यादी लागली.

यादीत फक्त एकूण मार्क होते. बाराव्या नंबरावर मंजुळा होती, हिलालच्याच गावाकडची. तिचे वडील उखर्डू आबा सकाळच्या गाडीने आले, यादीवर बोट ठेवून हिलालकडून नाव वाचून घेतलं, आणि आणखी एकदा वाचायला लावलं.

नानांची भाची सत्त्याण्णवावी होती.

नाना चिडले नाहीत. त्यांनी हिलालला बसायला खुर्ची दिली, जी आजवर दिली नव्हती. म्हणाले, "मशीन चुकलंय. तू हुशार आहेस. चूक शोध."

हिलालने मुलाखतीचं रजिस्टर मागवलं आणि हाताने बेरजा केल्या. मंजुळाला लेखीत अठ्ठ्याऐंशी आणि मुलाखतीत सहा होते. यादीत एकशे छत्तीस. पुढच्या मुलीला लेखीत ऐंशी, मुलाखतीत अकरा, यादीत एकशे अठ्ठावीस. जिला बघावं तिला मुलाखतीत अठ्ठेचाळीस मिळाले होते. अठ्ठेचाळीस मार्क रजिस्टरमध्ये एकाच मुलीचे होते. अर्ज क्रमांक एक. नानांची भाची.

ओळ एकशे तीस बेरजेची होती. तिथं T(I)=L(I)+M(1) असं होतं. आय म्हणजे पाळी ज्या मुलीची ती. लेखी तिचेच घेतले जात होते, पण मुलाखतीचे मात्र दर वेळी पहिल्या मुलीचे. एकशे चाळीस मुलींना अध्यक्षांच्या भाचीचे मार्क वाटले गेले होते. मुलाखतीत सगळ्या सारख्याच झाल्या, आणि यादी नुसत्या लेखीवर लागली. मंडळाच्या इतिहासात इतकी स्वच्छ यादी झाली नव्हती. ती चुकून झाली होती.

हिलालने भिंग घेतलं. तिथं फोटोत नानांच्या बोटाची सावली पडली होती. सुमनबाईंना काठी दिसली, बोट एलवर गेलं, आणि हिलालच्या बरोबर विचाराने त्या एलचा एक करून टाकला. त्याने नमुने घेतले: ओळ दहा आणि एकशे दहामधले एक, INPUT मधला आणि NEXT च्या पुढचा आय. एकाच्या डोक्याला फक्त डावीकडे टोक होतं, आयच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना आडवी रेघ. सावलीतल्या अक्षराच्या डोक्यावर, अगदी पुसट, उजवीकडेही रेघ होती.

तो बराच वेळ भिंग धरून बसला. फोटो त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हता. तो म्हणाला असता की तिथं एक हा आकडाच आहे, तर जिल्ह्यात त्याला खोटं पाडणारा माणूस नव्हता. नानांनी दुसरा मार्ग काढला असता, तो त्यांना सापडतो. पण निदान तो हिलालच्या हातातून गेला नसता.

त्याने उठून सांगितलं, "नाना, तिथं आय आहे."

असं का सांगितलं हे त्याने मला नंतर समजावलं. म्हणाला, आय होता म्हणून. मग म्हणाला, आदेश काचेखाली होता म्हणूनही. पुढे त्याने दोन्हींचा क्रम उलटा करून पुन्हा सांगितलं.

एक कळ दाबून दुरुस्ती झाली. मंगळवारी दुसरी यादी लागली. भाची तिसरी, मंजुळा एकसष्टावी. प्रत्येक बेरीज रजिस्टरशी तंतोतंत जुळत होती.

उखर्डू आबा त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. पुडा काखेत धरून त्यांनी पहिल्या चाळीस नावांवरून बोट फिरवलं, वाचता येत नसूनही. मग हिलालला विचारलं, "काल व्हतं पोरनं नाव. आज नही शे. कोनी पुसी टाकं भाऊ?"

हिलालने सांगितलं की काल मशीनची चूक होती, आता बठ्ठं, म्हणजे सगळं, बराबर शे. आबांना ते पटलं. त्यांना पटलं नसतं तर बरं झालं असतं, असं हिलाल म्हणतो. आबांनी त्याला पेढा दिला, पुडा फुटलेलाच होता म्हणून, आणि गाडी गाठायला निघून गेले. नानांनी त्याच संध्याकाळी काच उचलली. आदेशात एक वाक्य हाताने वाढवलं होतं: गुणवत्ता यादीतील गंभीर दोष स्वतःहून निदर्शनास आणल्याबद्दल.

पंधरा दिवसांनी हिलालने एक अर्ज टाकला. तो आवक झाला, शिक्का बसला, चहा हलला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"मा. अध्यक्ष महोदय यांचे सेवेशी. विषय: गुणवत्ता यादी प्रोग्राम, ओळ क्रमांक १३०. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, सदर ओळीतील शेवटच्या कंसातील अक्षर हे मूळ फोटोनुसार आय असल्याची खात्री अर्जदाराने स्वतः केली असून त्याबाबत अर्जदाराचे काहीएक म्हणणे नाही. तथापि सदर अक्षराचे जागी एक हा आकडा पूर्ववत ठेवून सोमवारची यादी कायम करण्यात यावी, व मंगळवारची यादी आणि त्याच दिवशीचा अर्जदाराचे कायम नेमणुकीचा आदेश, असे दोन्ही कागद एकत्रितपणे रद्द करण्यात यावेत, ही नम्र विनंती. सोबत: फोटो एक, भिंग एक."