सारखं अंतर

कॉलेजात तिला सगळे तासवाल्या बाई म्हणायचे. तासावर शिकवणारी, म्हणून तासवाली. स्टाफरूममध्ये तिला खुर्ची होती, पण ती कुणी रजेवर असलं तरच. सुट्टी लागली की पगार बंद, हे तर ठरलेलंच. गणित मात्र असं शिकवायची की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. पण मान वर केलेल्या पोरांची नोंद कुठल्या फाईलीत होते का? नाही होत.

यंदा गणिताची एक कायम जागा निघाली. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मुलाखतीआधी पॅनेलसमोर पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. विषय आठवडाभर आधी चिठ्ठी काढून ठरला आणि तिच्या मनात आलं, देवच पावला. विषय असा: रेषेबाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा न जाता अनेक गेल्या, तर भूमितीत काय बदलतं?

हे तिचं आवडतं. त्याच आनंदात तिनं आईला कामाला लावलं. आईचा क्रोशावर हात बसलेला. "गोल विणायला घे, पण दर चार टाक्यांनंतर एक टाका जास्तीचा घाल, शेवटपर्यंत," तिनं सांगितलं.

"अगं, झालर होईल त्याची! सपाट बसायचंच नाही."

"तेच तर हवंय मला."

"हिचं काही तरी वेगळंच," असं पुटपुटत आईनं विणलं, आणि खरंच झालर झाली, कोबीच्या पानासारखी. मध्येच लोकर संपली म्हणून आईनं स्वतःचा जुना स्वेटर उसवला.

त्या झालरीवर सरळ रेषा काढायची तर घडी घालायची. घडी पडते ती सरळ. तिनं एक घडी घातली आणि तिच्यावरून लाल धागा शिवला. त्या रेषेबाहेर एक बटण लावलं, तो बिंदू. मग बटणातून एक घडी, दुसरी, तिसरी घातली. लाल धाग्याला एकही भेटेना. शेवटी गंमत म्हणून लाल धाग्यापासून सगळीकडे चार बोटं अंतर राखून निळा धागा टाचला आणि त्याच्यावर घडी घालायला गेली. पडेचना! दोन टोकं धरून घडी घातली की मधला भाग निळा सोडून लालकडे सरकायचा. म्हणजे सारख्या अंतरावरून जाणारी वाट इथं सरळ नसतेच. आईला तिनं हे दोनदा दाखवलं. आई म्हणाली, "बरं बरं, आता जेव."

पॅनेलमध्ये तिघं होते. प्राचार्य, त्यांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञ बाई, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आणि तिचे सर. सर म्हणजे विभागाचे सर्वेसर्वा. एम.ए.ला तिला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचं गाईड अख्ख्या विद्यापीठात चालायचं, आणि गाईडात ठळक अक्षरांत छापलेलं होतं: समांतर रेषा म्हणजे सगळीकडे सारख्या अंतरावर असणाऱ्या रेषा. एकदा वर्गात एका मुलानं, "सर, समांतर म्हणजे न भेटणाऱ्या एवढंच ना?" असं विचारलं होतं. त्या मुलाला सरांनी वर्षभर उभं-आडवं घेतलं. तो शेवटी दुसऱ्या कॉलेजात गेला.

ती सुरू झाली आणि रंगून गेली. फळ्यावर त्रिकोण काढला. "याच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी, हे आपण कसं सिद्ध करतो? वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर काढतो, आणि खालचे दोन्ही कोन उचलून वर नेतो. हे जमतं, कारण समांतर एकच आहे. ती एकच नसेल तर कोन वर नेताच येत नाहीत, आणि सिद्धता कोसळते. त्या जगात बेरीज एकशे ऐंशीपेक्षा कमीच भरते. त्रिकोण जितका मोठा, तितकी बेरीज कमी. म्हणून तिथं फोटो मोठा करून मिळत नाही हं! कोन तेच ठेवले तर आकारही तोच राहतो. आणि चारही कोन काटकोन असलेला आयतही तिथं नाही."

तज्ज्ञ बाई पुढे सरकून बसल्या. प्राचार्यांनीसुद्धा मोबाईल उलटा ठेवला. तिनं झालर काढायला पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात सर बोलले.

"छान. पण एक सांग. समांतर रेषा एक असो की शंभर, त्यांच्यातलं अंतर तरी सगळीकडे सारखंच राहणार ना?"

पिशवीत तिची बोटं लोकरीवर होती. निळा धागा बोटाला लागत होता. उत्तर तिथंच होतं, मुठीत! सरांचा चेहरा नेहमीसारखा, भुवया थोड्या वर. तो मुलगा तिला आठवला. गाईडातलं ठळक अक्षर आठवलं. आई सकाळी म्हणाली होती, "वाद घालू नकोस बाई, मान डोलव आणि ये."

"हो सर," ती म्हणाली. "अंतर सारखंच राहील."

हात तिनं रिकामाच बाहेर काढला.

तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला. "सारखंच? नक्की?"

आता माघार घ्यायची तर सरांच्या तोंडावर घ्यायची. "नक्की," ती म्हणाली.

"मग दोन्ही रेषांमध्ये दोन लंब टाका. अंतर सगळीकडे सारखं, म्हणजे चारही कोन काटकोन. आयत तयार झाला की नाही? आणि एक जरी आयत मिळाला तरी समांतर पुन्हा एकच उरते." बाई शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे ते जास्तच झोंबलं. "म्हणजे तुम्ही आत्ता जे इतकं सुंदर शिकवलंत, ते सगळं तुम्हीच पाडलंत. पाठ केलं होतं का?"

पाठ! तिनं सरांकडे पाहिलं. एक शब्द, फक्त एक शब्द त्यांनी टाकायला हवा होता. सर टेबलावरचे कागद सारखे करत होते.

जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली. निकाल लागल्यावर सर व्हरांड्यात भेटले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, मी मुद्दाम विचारलं होतं. ठणकावून 'नाही' म्हणशील असं वाटलं होतं मला. निराशा केलीस बघ." मग आवाज खाली आणून, "तुझे तास मात्र चालू राहतील, काळजी करू नको."

खरंच मुद्दाम विचारलं होतं, की बाईंचं ऐकून शहाणपण सुचलं? हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि विचारायची हिंमत तर आता अजिबातच उरली नव्हती. संताप सरांचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. खोटं बोलून नोकरी मिळाली असती, तर निदान खोटं तरी कामी आलं असतं!

घरी आईनं दारातच विचारलं, "माझी झालर दाखवलीस?"

"नाही."

"का? विचारलं नाही कुणी?"

"विचारलं होतं," ती म्हणाली आणि पिशवी खुंटीला अडकवून आत गेली. आई बराच वेळ तिथंच उभी होती, उसवलेल्या स्वेटरच्या उरलेल्या बाह्या हातात घेऊन.

सोमवारी तिचा तास होता, आणि अभ्यासक्रमात नेमकं तेच प्रकरण आलं होतं. झालर तिनं बाकांवरून फिरवली. पोरं घड्या घालून बघत होती, हसत होती. मधल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, गाईडात दिलंय की समांतर रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखंच असतं. मग इथंही तसंच ना?"

"नाही," ती म्हणाली.

श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. मुलीनं वहीत लिहून घेतलं, आणि पान उलटलं.