पन्नास तोळ्यांचे तोडे

माझं तोंड फटकळ, हे कळंबातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. दिलावर मणेराची नूरबी दारात आली, की बाया बांगड्या भरायला हात फुडं करतात आन् मग कान झाकून घेतात. पर धोंडाबाईवर त्या साली जो आळ आला, त्यानं माझीसुदिक बोलती बंद केली.

धोंडाबाई माझी शेजारीण. तिचा मालक भगवंत म्हंजे गरीब गाय, भांडण दिसलं की बैलांना पाणी पाजायला जाणार. एकुलती एक लेक भागू, ती घोडेगावाला दिलेली. लग्नात धोंडाबाईनं तिला पन्नास तोळ्यांचे चांदीचे तोडे घातले. जुन्नरच्या सावळाराम सोनाराकडनं घडवून आणले व्हते, भरीव, पोकळ न्हाई का आत लाख न्हाई. मंचरचा सराफ तोळ्याला आणा घडणावळ मागत व्हता आन् सावळाराम दोन आणे.

मी म्हणले, "अगं बये, चांदी तिथंबी अकरा आणे तोळा आन् हितंबी अकराच. मग घडणावळ दुप्पट कशापायी देतीस?"

"सावळाराम आपला छाप मारतो, नूरबी," धोंडाबाई म्हणाली. "त्याच्या छापाचा डागिना उद्या मोडायला नेला, तर न कापता, न तापवता, वजनावर घेतो. मंचरवाला छाप मारत न्हाई आन् मोडीला घट धरतो. लेकीच्या अडल्यानडल्याला हायेत ते, मिरवायला न्हाईत."

मांडवात तराजू टांगला. एका पारड्यात तोडे, दुसऱ्यात रुपये, कारण रुपया म्हंजे बरोबर तोळाभार. पन्नासाव्या रुपयाला काटा मधी उभा राहिला. भागूची सासू प्रयागबाई वाकून वाकून बघत व्हती. "वजन भरलं," असं ती सवता म्हणाली, पंचांच्या देखत.

फुडच्या सालीच घोडेगावात प्लेग आला. लोकं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. भागूच्या नवऱ्याला, भिमाजीला, काखेत गाठ आली. आमी सगळ्यांनी आशा सोडली व्हती. पर त्याचं दाणापाणी शिल्लक व्हतं, जगला बिचारा. प्रयागबाईनं भीमाशंकराला चांदीचं अभिषेकपात्र बोललं व्हतं, ते तिनं वाजतगाजत नेऊन वाहिलं. आमाला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. नागपंचमीला भागू माहेरी आली, चार दिस राहिली, झोके खेळली, गेली.

आन् दिवाळीच्या आधी प्रयागबाईची गाडी धोंडाबाईच्या दारात येऊन थांबली. भागूला खाली उतरवलं आन् ओट्यावर तोडे आदळले.

"बघा तुमच्या हातची करणी!" प्रयागबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल असं वरडली. "हळदीकुंकवाच्या बायकांत माझ्या सुनेच्या पायाला ह्या तोड्यांची हिरवी कळा आली. पंचेचाळीस तोळे भरले, विहीणबाई, पन्नास न्हाई! पंचमीला लेक माहेरी आणली, तवा खरे काढून घेतले आन् हे हिणकस घातले. छापबी त्याच सोनाराचा हाय, म्हंजे तोबी सामील. खरे तोडे द्या, मगच लेक नांदायला पाठवा."

धोंडाबाईनं ओट्यावरचे तोडे उचलले. भागू पदर तोंडात धरून खाली बघत व्हती. मी मात्र कंबर कसून उतरले. "आगं ए, आईनं लेकीच्या पायातलं चोरलं म्हणतीस? जीभ झडंल तुझी!" पर बाई गाडीत बसून गेलीबी.

गावात काय, कुजबुज सुरू झाली. ज्या बाया धोंडाबाईच्या विहिरीवर पाणी भरायच्या त्याच तिला बघून गप व्हायला लागल्या. धोंडाबाई दिसभर चुलीफुडं बसून डोळे पुसायची. भागू तिच्याजवळ बसून भाकरी खायची आन् गप राहायची. मला वाटायचं, सासूच्या धाकानं पोरगी भेदरली.

शेवटी मी धोंडाबाईला उठवली. "रडून काय व्हणार? चल, कस लावून बघू. आधी मंचर, मग जुन्नर."

मंचरच्या सराफानं तोडे तोलले, पंचेचाळीस. दगडावर घासून रेघ बघितली. मग एका तोड्याची कड दिव्याच्या झोतावर धरून फुंकणीनं लाल केली. चोख चांदी तापवली तरी पांढरी राहती. ही काळीठिक्कर पडली.

"सोळा आण्यात नऊ आणे चांदी, बाकी तांबं," सराफ म्हणाला. "मोडीचा भाव असाच मिळंल. नवे हवे असले तर माझ्याकडं करा. घडणावळ आणाच. आन् चांदी तुमची आणलीत तर नुसती मजुरी. आता बघा, भीमाशंकराचं अभिषेकपात्र मीच केलं. घोडेगावच्या बाईनं चांदी आपली आणली, जुन्नरचा छाप असलेले भारी तोडे. एकोणपन्नास तोळ्यांचं पात्र ठोकून दिलं. वितळवण्यात आन् कापण्यात तोळाभर गेली, एवढीच घट. चांदी मात्र सोन्यासारखी चोख व्हती हो!"

या अल्ला! एकोणपन्नास आन् एक पन्नास, घोडेगावची बाई, जुन्नरचा छाप! मी तोंड उघडलं, तर धोंडाबाईनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत्ताच न्हाई. सराफानं सांगितलं म्हणून कोण ऐकतंय? ती म्हणंल, ते तोडे माझे व्हते. सावळारामाकडं जाऊ."

सावळाराम सोनारानं तोडे हातात घेतले, छापावर बोट फिरवलं आन् त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "धोंडाबाई, तुमची अब्रू गेली म्हणता. माझी तर पेढीच बुडंल. हा छाप खोटा ठरला, तर आजवर दिलेला एकेक डाग खोटा. बाजाराच्या दिवशी घोडेगावच्या मंडळींना हितं बोलवू. मी निरोप धाडतो. चार माणसांत काय ते व्हऊ द्या."

बाजाराच्या दिवशी प्रयागबाई आली, लेकाला घेऊन. भिमाजी अजून वाळल्या काडीसारखा, पर डोळ्यांत सरळ बघणारा. आमच्या गाडीतनं भागू आली व्हती. दुकानाच्या कट्ट्यावर बाजारची माणसं जमली. भगवंत सवयीनं बैलांकडं निघाला व्हता, त्याला मी धरून बसवला.

सावळारामानं पेटीतनं पोलादी ठसा काढला, बोटाएवढा. "ह्यानं मी छाप मारतो," तो म्हणाला. "ठसा एकच हाय आन् तो माझ्या पेटीतनं कुठं जात न्हाई. धोंडाबाई, पाय वर ठेवा."

धोंडाबाईच्या पायात तिच्या लग्नातले तोडे व्हते, सावळारामाच्याच हातचे. त्यानं ठसा त्या छापावर टेकवला. कुलपात किल्ली जावी तसा ठसा आत बसला. मग त्यानं भागूचे तोडे घेतले आन् तोच ठसा त्यांच्या छापावर टेकवला. बसंना. छापाच्या कडा गुळगुळीत आन् छाप ठशाहून बारका.

"हा छाप मारलेला न्हाई, ओतलेला हाय," सावळाराम म्हणाला. "माझे खरे तोडे मातीत दाबून कुणीतरी साचा काढलाय आन् त्यात हिणकस चांदी ओतलीय. ओतीव माल निवताना आकसतो, म्हणून छाप बारका झाला. तांबं चांदीहून हलकं, म्हणून वजनबी पाच तोळे कमी. ज्याच्या हाती माझे खरे तोडे व्हते, त्यानंच हे केलंय. माझ्या घरात हे झालेलं न्हाई."

"माहेरीच व्हते की ते, पंचमीला!" प्रयागबाई म्हणाली.

आता मला धीर धरवंना. "आन् अभिषेकपात्राला चांदी कुठनं आली गं?" मी वरडले. "मंचरच्या सराफाकडं जुन्नरच्या छापाचे तोडे कुणी वितळवले? पात्र तर आखाडात वाहिलंस, पंचमीच्या आधी!"

प्रयागबाईचं तोंड पडलं, पर ती हरंना. "माझ्या आईचे तोडे व्हते ते. मला कोण खोटं म्हणतंय? विचारा माझ्या सुनेला!"

सगळे भागूकडं बघायला लागले. सावळारामाकडं बघितलं तिनं, मग भिमाजीकडं.

"तोडे मी दिले," ती म्हणाली. "ह्यांना शुद्ध नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, देवाला बोललेय, घरात चांदी न्हाई. मी पायातले काढून दिले. गावानं उघडे पाय बघायला नकोत म्हणून त्यांनी फिरत्या ओताऱ्याकडनं हे करून घेतले, मग खरे मंचरला नेले. मला ह्यांच्या जिवाची आण घातली, बोललीस तर नवस मोडंल आन् ताप परत येईल."

भिमाजी आईकडं वळला. "आई, माझ्या जिवासाठी घेतले, ते घेतले. पर सासूबाईंना चोर कशाला म्हणालीस?"

"लोकं विचारायला लागली रे," प्रयागबाई खाली बसली आन् रडायला लागली. "काय सांगू? सुनेचं स्त्रीधन वितळवलं म्हणू? सुचलं ते बोलले. आता काय गाभाऱ्यातनं पात्र काढून आणू?" मग तिनं सगळ्यांच्या देखत धोंडाबाईफुडं हात जोडले.

धोंडाबाई म्हणाली, "मागितले असते, तर ह्या पायांतले काढून दिले असते. जावयापरीस काय जास्त हाय?"

बस्स, एवढंच. सावळारामानं छिन्नी घेऊन खोट्या छापांवर आडवी खूण मारली आन् तोडे भागूच्या हातात दिले. भिमाजी म्हणाला, "भागू, चल घरी." मला वाटलं, सुटलो एकदाचे. धोंडाबाईची अब्रू राहिली, सोनाराची पेढी राहिली, पोरगी नांदायला निघाली.

भागू आईच्या पाया पडायला वाकली. धोंडाबाईनं पाय मागं घेतले.

"आई, माझ्याशी बोल की गं."

"प्रयागबाई परकी," धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला न्हाई, म्हणूनच मला भ्या वाटलं. "ती चोर म्हणाली, तर म्हणू दे. पर तू माझ्या चुलीपाशी बसलीस. मी पदरानं डोळे पुसत तुला भाकर वाढली, ती तू खाल्लीस. तुला ठावं व्हतं, भागू. एकदा तरी माझ्या कानात सांगायचं व्हतंस. आण नवऱ्याच्या जिवाची व्हती, ठीक हाय. पर आईचा जीव कशात मोजलास?"

भिमाजीनं भागूचा हात धरून तिला गाडीत बसवलं.

वाटभर मी धोंडाबाईशी भांडले. म्हणले, पोर हाय ती, नवरा मरत व्हता, तिच्या जागी तू काय केलं असतंस? नारायणगाव मागं पडेस्तोवर बोलत व्हते. भगवंत बैलं हाकत व्हता आन् डोळे पुसत व्हता.

फुडच्या नागपंचमीला मी बांगड्या घेऊन तिच्याकडं गेले. धोंडाबाई ज्वारी पाखडत व्हती. मी म्हणले, "भागूला आणायला घोडेगावाला गाडी कधी धाडतीस?" तिनं सूप खाली ठेवलं न्हाई. बैल दारातच बांधलेले व्हते आन् दिवस मावळला तरी ते तिथंच व्हते.