वाटीतला सेल

टिकटिकीने पहिल्यांदा नाणं गिळलं, त्याला आता दोन महिने झाले. तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरला होता तो तिचा आजोबा, आणि ती भीती विसरून सगळ्यांत आधी शहाणा झाला तोही तोच.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं त्याच काउंटरमागे, त्याच स्टुलावर, डोळ्याला भिंग लावून. नात साडेचार वर्षांची. दिवसभर तोंड बंद नाही, म्हणून टिकटिक. तिची आई, म्हणजे आजोबाची लेक, टपाल कचेरीत कामाला. दुपारी बालवाडी सुटली की टिकटिक संध्याकाळपर्यंत दुकानात.

त्या नाण्याच्या वेळी एक्सरेत नाणं अन्ननलिकेत खाली अडकलेलं दिसलं. पोरीची ना लाळ गळत होती, ना तिला श्वासाला त्रास. पाणी गटागटा पीत होती आणि डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातली नळी ओढत होती. बाईंनी तिला रात्रभर नजरेखाली ठेवलं आणि सकाळी परत एक्सरे काढला. नाणं आपलं आपण पोटात उतरलं होतं.

"आता घरी जा," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखं खाऊ दे, खेळू दे. नाणं बहुतेक काही दिवसांत बाहेर पडेल. नाही पडलं तर दोन-तीन आठवड्यांनी परत बघू. पोट दुखलं, उलट्या झाल्या तर मात्र लगेच या."

आजोबाने पहाऱ्याचं काम अंगावर घेतलं. पॉटीपाशी भिंग आणि चिमटा घेऊन तो असा बसायचा, जणू कोणाचं परदेशी घड्याळच उघडलंय. चौथ्या दिवशी नाणं सापडलं. आनंदाच्या भरात त्याने ते घड्याळाचे भाग धुवायच्या यंत्रात टाकलं, आणि लेकीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "नाण्यासाठी थांबता येतं. पण बटण सेल गिळला असेल, किंवा गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी थांबायचं नाही. धावत यायचं."

"सेलांचं मला सांगता?" आजोबा हसला होता. "जन्म गेला त्यात."

जन्म गेला होता खरा. आणि त्या जन्मभरात त्याला एक सवय जडली होती. काउंटरवर एक पितळी वाटी असायची. गिऱ्हाइकाला द्यायची चिल्लर तिच्यात, आणि काढलेला संपलेला सेलही तिच्यातच. दोन्ही गोल, दोन्ही चकचकीत, दोन्ही हाताशी हवेत. आठवड्यातून एकदा निवडायचे. एवढं सगळं नाण्याचं रामायण होऊनही ती वाटी जागची हलली नव्हती. नाणं गिळलं होतं ते घरी, बाहुलीच्या पर्समधलं. त्यात दुकानाचा काय दोष, असं त्याचं म्हणणं.

मग एके दुपारी एका गिऱ्हाईक बाईंनी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला होता. आजोबाने जुना सेल काढला, वाटीत टाकला, नवा बसवला. आकडे लखलख उजळले. टिकटिक काउंटरवर हनुवटी टेकवून बघत होती.

"बंद होता, आता चालू झाला?"

"सेल घातला की काहीही पळतंय बघ."

बाई गेल्या. आजोबाने एक भिंतीवरचं घड्याळ उघडलं. मागे टिकटिक अचानक गप्प झाली. ही शांतता ओळखायला त्याला अर्धं मिनिट लागलं, तेवढं त्याचं चुकलंच. वळून बघतो तर पोरगी स्टुलावर उभी, एक हात गळ्याच्या खालच्या खड्ड्यावर, आणि चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा.

"काय केलंस गं?"

"काही नाही."

"परत नाणं गिळलंस?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाणं नाही गिळलं!"

आजोबाने कपाळावर हात मारला. झालं, परत चार दिवस पहारा. एक्सरे तर काढावाच लागेल, पण पोरगी टुणटुणीत आहे, लेक साडेपाचला सुटते, तिच्याबरोबरच निवांत जाऊ. त्याने मनातल्या मनात भिंगसुद्धा पुसून ठेवलं. मग कबुली काढायला म्हणून बिस्किट पुढे केलं. टिकटिकीने बिस्किट नको म्हटलं. टिकटिक बिस्किटाला नाही म्हणाली, असं याआधी कधी झालं नव्हतं.

"टोचतंय," ती म्हणाली. आणि तिचे ओठ थरथरले. "तू मला बालवाडीतल्या शर्यतीच्या दिवशी म्हणालास ना, तुझा सेल संपला म्हणून. मी शेवटची आले. म्हणून मी सेल घातला."

घरातला जुनाच विनोद होता तो. पोरगी दमली, रुसली, पेंगली की आजोबा म्हणायचा, हिचा सेल संपला वाटतं, आणि सगळे हसायचे.

त्याने वाटी काउंटरवर उपडी केली. नाणी होती. हातघड्याळांचे चार बारके सेल होते. वजनकाट्यातला मोठा सेल नव्हता.

संपलेला होता, त्याच्या मनाने एक पळवाट काढली. संपलेला सेल काय करणार? पण ती पळवाट त्याची त्यानेच बुजवली. काढल्यावर सवयीने त्याने तो मीटरवर धरला होता. काटा दोन व्होल्टच्या पुढे होता. वजनकाट्याला पुरत नव्हता, एवढंच.

त्याने दवाखान्याचा नंबर लावला. तातडीच्या विभागातली नर्स भरभर बोलली. "उलटी करवू नका. वय? वर्षाच्या पुढची आहे ना, मग मध आहे का जवळ? गिळता येतंय ना? दोन चमचे द्या, दर दहा मिनिटांनी, वाटेत. दुसरं काही खायला-प्यायला नाही. मध नसला तर शोधत बसू नका, निघा. आणि सेलचा नंबर कळला तर उत्तम."

मध होता, आजोबाच्या खोकल्याचा. सेलचा नंबर त्याला झोपेतही सांगता आला असता, तरी त्याने तसल्याच नव्या सेलचं पाकीट खिशात कोंबलं. दुकान उघडं टाकलं. शेजारच्या शिंप्याने स्कूटर काढली. मधे टिकटिक, मागे आजोबा, एका हातात बाटली, दुसऱ्यात चमचा. दर दहा मिनिटांनी स्कूटर थांबायची आणि मध पाजला जायचा. आयुष्यभर लोकांच्या घड्याळातली वेळ लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनगटाकडे इतकं कधीच बघितलं नव्हतं.

"गोड औषध छान आहे," टिकटिक म्हणाली. "परत गिळलं तर परत देशील?"

शिंपी हसला. आजोबाला हसू आलं नाही.

दवाखान्यात ओळीत बसायला कोणी सांगितलं नाही. सेल म्हटल्याबरोबर त्यांना थेट एक्सरेच्या खोलीत नेलं. पडद्यावर पोरीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागात, पांढरी गोल चकती उमटली. अगदी नाण्यासारखी. क्षणभर आजोबाच्या मनात वेडी आशा आली.

"कडा बघा," एक्सरे काढणारा म्हणाला. "आत अजून एक बारीक कडं आहे. नाण्याला असं दुहेरी कडं नसतं." मग कडेने काढलेला फोटो दाखवला. चकतीला एका बाजूने छोटी पायरी होती.

ती पायरी आजोबाने हजारो वेळा बोटांनी चाचपली होती. सेल कुठल्या बाजूने घालायचा ते तिच्यावरूनच तर कळतं. त्याने पाकीट पुढे केलं.

त्याच डॉक्टरीणबाई धावत आल्या. पाकीट बघून त्यांनी मान डोलावली. "वीस मिलिमीटर. म्हणजे अडकणारच. किती वेळ झाला?"

"पन्नास मिनिटं."

"दुपारी जेवलीय?"

"हो."

"असू दे. नाणं असतं तर पोट रिकामं व्हायची वाट बघितली असती. हा थांबू देत नाही." हातमोजे चढवता चढवता त्या बोलत होत्या. "सेल फुटून गळतो म्हणून जाळतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. अन्ननलिका ओली. दोन्ही टोकांना ती टेकली की तुमचं सर्किट पूर्ण. करंट वाहायला लागतो आणि ऋण बाजूच्या ओलाव्याचा क्षार बनतो, मोरी साफ करायच्या औषधासारखा. दोन तासांत भोक पाडू शकतो."

तुमचं सर्किट. त्या सहज म्हणाल्या होत्या, पण आजोबाच्या काळजात ते बरोबर जागी जाऊन बसलं.

टिकटिकीला आत नेलं. भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून काढणार होते. दार बंद झालं, आणि तेवढ्यात शिंप्याचा फोन मिळून त्याची लेक आली, टपालाची पिशवी खांद्यालाच.

"परत नाणं का, बाबा?"

नाणं म्हटलं असतं तर निदान आणखी दहा मिनिटं तिच्या नजरेला नजर देता आली असती. "सेल आहे," तो म्हणाला. "माझ्या वाटीतला. चिल्लर आणि सेल मी एकत्र ठेवतो. तू दोनदा सांगितलं होतंस. आणि तिने का गिळला माहितेय? मी तिला चिडवतो म्हणून. चूक सगळी माझी आहे गं. तिला काही झालं तर मी..."

लेक बाकावर बसली, एक माणूस मावेल एवढी जागा मधे सोडून. ती जागा आजोबाला कोणत्याही शिवीपेक्षा जड गेली.

पंचवीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. हातात प्लास्टिकची डबी, डबीत सेल. एक बाजू काळी पडली होती.

"निघाला. आत थोडं भाजलंय, भोक नाही. लवकर आणलंत, मध दिलात, म्हणून एवढ्यावर निभावलं. आज इथे ठेवू. पुढचे काही आठवडे ताप, खोकला, गिळताना दुखणं, आणि मुख्य म्हणजे तोंडातून किंवा शीवाटे रक्त, काहीही दिसलं तर त्याच पावली परत यायचं."

लेकीने डबी घेतली, बघितली, आजोबाला परत दिली. मग बाकावर सरकली आणि मधली जागा गेली. "ती वाटी," ती म्हणाली.

"आजच टाकतो."

"टाकू नका. चिल्लर ठेवा तिच्यात. सेल कुलपात."

"प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून," आजोबा म्हणाला.

संध्याकाळी टिकटिक जागी झाली. घसा बसला होता, तरी गप्प राहील तर ती टिकटिक कसली. तिने आधी आईचा हात शोधला, मग आजोबाचा.

"डॉक्टरांनी माझा सेल काढला?"

"काढला."

तिचे डोळे भरले. "मग आता मी कशावर चालू?"

आजोबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने मनगटावरचं आपलं जुनं घड्याळ काढून तिच्या कानाला लावलं. "ऐक. याच्यात सेल नाही. नुसता हात हलला की हे चालतं. तू तसलीच आहेस. तुला आत काही घालावं लागत नाही."

टिकटिकीने बराच वेळ ऐकलं. पटलं असावं. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या, मान कलली. आजोबाच्या तोंडाशी तो जुना विनोद आपोआप आला, अगदी ओठांपर्यंत. लेकीने त्याच्याकडे बघितलं.

"दमली माझी पोर," तो म्हणाला, आणि घड्याळ तिच्या कानापाशी तसंच धरून ठेवलं.