नववा तास

सुदर्शन सरांनी तो कागद टेबलावरून पुढं सरकवला तो असा, की जणू प्रसादच देतायत. वर पेनही ठेवलं, टोपण काढून.

"प्रकल्पाचा निधी मार्चअखेर संपतोय. एप्रिलपासून स्टायपेंड बंद," ते म्हणाले. "पण सत्र मे अखेरपर्यंत चालणार, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल तुम्हीच घ्यायची. स्वखुशीनं, विनामोबदला. शिकवणं हा तुमच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे."

समोर तिघं उभी होती. नारायणगावच्या अलीकडं ज्या खासगी विद्यापीठाची पांढरी इमारत रस्त्यावरून दिसते, तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात ही तिघं पीएचडी करत होती आणि पीएचडी करता करता पोरांना शिकवतही होती. आदेशनं पेन उचललं. त्याचं बाळ दोन महिन्यांचं होतं आणि त्याच्यात भांडायची ताकद उरली नव्हती. खुशबू ओसवाल चष्मा पुसायला लागली. मंचरला तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. व्यवहाराच्या कागदावर उभ्या उभ्या सही करायची नसते, हे ती बाळगुटीबरोबर शिकली होती.

आणि संस्कृतीनं पेनाला टोपण लावून ते सरांपुढं परत ठेवलं.

"मी नाही करणार, सर."

"का?"

"स्वखुशी नाही म्हणून."

विभागप्रमुखाला असं उत्तर द्यायची पद्धत त्या इमारतीत नव्हती. सर हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "विचार कर," ते म्हणाले. "तुझं चौथं वर्ष आहे. प्रबंध माझ्याच सहीनं जायचाय."

सरळ धमकीच ती. संस्कृतीला ती कळली. टोमॅटोची पानं वळवणाऱ्या रोगावर तिचं काम होतं. पॉलिहाऊसमधली तिची झाडं ऐन मोक्यावर आली होती, आणि दिवाळीपर्यंत सगळं लिहून द्यायचं तर तेवढे महिने पोट भरायला हवं होतं. स्टायपेंड गेला तर नोकरी धरावी लागणार, नोकरी धरली की झाडं वाळणार, आणि झाडं वाळली की चार वर्षं पाण्यात. हे सगळं ठाऊक असूनही ती म्हणाली, "विचार केलाच आहे, सर," आणि बाहेर आली.

त्या संध्याकाळी ती आळेफाट्यावरून राजुरीला घरी गेली. तिचे वडील चांगदेव ओट्यावर बसून काकडीच्या वेलांची सुतळी सोडवत होते. तिनं सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी सुतळी खाली ठेवली.

"मला एवढंच सांग," ते म्हणाले. "तुजं काम उक्तं हाये का रोजानं?"

"आबा, तसं नसतं ते."

"का नसतं? आमच्यात दोनच परकार. उक्तं दिलं तर काम ठरलेलं, मग माणूस कवा येतो, कवा जातो, मालकानं बोलायचं न्हाई. रोजानं बोलावलं तर तास ठरल्याले, मग जादा थांबवलं की जादा पैकं. तुमचा मालक काम घ्येताना उक्तं म्हनतो आन पैकं देताना रोज मोजतो. आन आता तर पैकंबी न्हाई, काम मातूर चालू! असल्या मळ्यात आमचा मजूर फिरकायचाबी न्हाई."

संस्कृतीला हसू आलं आणि रागही आला, कारण चार वर्षं शिकूनही आपण हा प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता. जेवण झाल्यावर तिनं नेमणुकीचं पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. रुजू होताना सगळेच जसे वाचतात, तसं तिनं ते वाचलं होतं: आकडा बघायचा आणि सही ठोकायची. आता बाकीचं वाचलं. स्टायपेंड ही 'संशोधन शिष्यवृत्ती' आहे. तिच्या बदल्यात अध्यापन-साहाय्य आठवड्याला जास्तीत जास्त आठ तास, प्रॅक्टिकलची तयारी आणि जर्नल तपासणं त्यातच धरून. निधी संपणार असल्यास सहा महिने आधी लेखी सूचना, आणि सूचनेच्या काळातला स्टायपेंड विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून.

आठ तास! ती सोळा-सतरा तास राबत होती. वर परीक्षांचं पर्यवेक्षण, वर प्रवेशाच्या मोसमात घोडेगाव-ओतूरच्या कॉलेजांत पत्रकं वाटणं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

सोमवारपासून तिनं आठच तास काम करायला सुरुवात केली. ना घोषणा, ना फलक. सोमवारी दोन बॅचेस, मंगळवारी तयारी, बुधवारी जर्नलं. गुरुवारी दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल निम्म्यावर आलं आणि तिनं अ‍ॅप्रन काढून खुंटीला अडकवला.

"मॅडम, पुढं काय करायचं?" पोरं गोंधळली.

"तुमची चूक नाही. सूक्ष्मदर्शक झाका आणि सरांना जाऊन सांगा, मॅडमचे या आठवड्याचे तास संपले."

पोरांचं नुकसान करताना तिचा जीव तुटत होता, हे कबूल करायला हवं. कँटीनमध्ये तिनं चहा घेतला तो तिला गोड लागला नाही. पण समोर खुशबू येऊन बसली आणि म्हणाली, "माझेपण संपले." आणि थोड्या वेळानं आदेश आला. त्यानं सरांकडं जाऊन आपली सही असलेला कागद परत मागितला होता. सरांनी दिला नाही, तेव्हा त्यानं सही मागे घेतल्याचा अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोचीचा शिक्का घेतला होता. "बायको म्हणाली, फुकट राबायचं तर घरी ये, बाळाचे लंगोट धू," तो म्हणाला. तिघं खूप हसली.

दुसऱ्या आठवड्यात सगळा विभाग कुथायला लागला. प्रॅक्टिकलच्या सहा बॅचेस आणि प्राध्यापक दोन. जर्नलांचा ढीग सरांच्याच टेबलावर चढला. तेव्हा सरांनी संस्कृतीला एकटीला बोलावलं.

"दार लाव. हे बघ, मी दुसऱ्या एका प्रकल्पातून एका जागेची सोय करू शकतो. एकाच. वर्षभराचा स्टायपेंड, शिवाय पॉलिहाऊस तुझ्याच ताब्यात. फक्त हे प्रकरण मिटव."

वर्षभराचा स्टायपेंड. दिवाळीपर्यंतच काय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चिंता मिटली असती. खोटं कशाला सांगा, संस्कृतीचं मन डळमळलं. खिडकीतून तिचं पॉलिहाऊस दिसत होतं.

"खुशबू आणि आदेशचं काय?"

"त्यांचं ते बघतील."

"मग माझं मी बघते, सर," ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली. 

त्या रात्री खुशबूनं मंचरला भावाला फोन लावला. पारस कर-सल्लागार. महिन्याला त्यांच्या स्टायपेंडमधून दहा टक्के कर कापला जायचा आणि 'सगळ्यांचाच कापतात' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. पारसनं तिघांच्या कराच्या नोंदी उघडल्या आणि एकच वाक्य बोलला: "अगं, विद्यापीठानं तुम्हाला व्यावसायिक फी दिल्याचं दाखवलंय. शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला तर आयकरच लागत नाही!"

शुक्रवारी तिघांना समितीपुढं बोलावणं आलं. कुलसचिव, वित्त अधिकारी सयाजीराव आणि सुदर्शन सर. संस्कृतीनं पत्रातली सूचनेची अट वाचून दाखवली, तेव्हा कुलसचिवांनी घसा साफ केला. "तुम्ही विद्यार्थी आहात. शिष्यवृत्ती हा हक्क नसतो, ते साहाय्य असतं. विद्यार्थ्याला कसली आलीय नोटीस?"

"ठीक," संस्कृती म्हणाली. "विद्यार्थी आहोत, तर आमच्याकडून व्यावसायिक म्हणून कर का कापला? आणि व्यावसायिक आहोत, तर ठरल्या तासांपेक्षा दुप्पट काम फुकट कसं करून घेतलं? माझे वडील राजुरीला शेती करतात. त्यांनी मला एकच विचारलं, काम उक्तं का रोजानं? साहेब, तुम्हीच सांगा. उक्तं म्हणा, नाहीतर रोजानं म्हणा. काम घेताना एक आणि पैसे देताना दुसरं, असं नाही चालणार."

कुलसचिवांना काही कळलं नाही. पण सयाजीराव आंबेगाव तालुक्यातले, घरी बटाट्याचा मळा असलेले. ते खुर्चीत सरळ झाले. त्यांच्यापुढं कोडं उभं राहिलं होतं: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फी म्हणावं तर जादा तासांचा हिशेब मागतील. शिष्यवृत्ती म्हणावं तर कर कापलाच कसा?

"आणि दोन्हींतलं काहीही म्हणा," खुशबू शांतपणे म्हणाली, "पत्रातली सहा महिन्यांच्या सूचनेची अट तुमच्याच सहीची आहे."

"शिक्षा म्हणून तुमचा प्रगती आढावा..." सर बोलायला लागले.

"सर, राहू द्या," सयाजीराव म्हणाले. "हे कागदावर नाही टिकायचं. आपलंच चुकलंय."

त्या दिवशी जे लिहून मिळालं ते असं. सूचना आजपासून धरायची आणि ऑगस्टअखेरपर्यंत तिघांचा स्टायपेंड विद्यापीठ देईल. काम आठवड्याला आठ तास, त्यापुढं नाही. कराची नोंद शिष्यवृत्ती म्हणून दुरुस्त होईल आणि तसं प्रमाणपत्र मिळेल. कापलेली रक्कम मात्र त्यांनी आपापलं विवरणपत्र भरून आयकर खात्याकडून परत मागायची. सप्टेंबरपासूनचं काहीच ठरलं नाही. सरांनी देऊ केलेली दुसऱ्या प्रकल्पातली जागा तर कायमची गेली होती. दिवाळीआधीचे दोन महिने संस्कृतीला स्वतःच्या हिमतीवर काढायचे होते आणि झाडं जगवायची होती.

"काढू की," चांगदेव फोनवर म्हणाले. "पर मान खाली घालून न्हाई."

पुढच्या गुरुवारी प्रॅक्टिकल संपलं, तास भरले, आणि तिनं अ‍ॅप्रन खुंटीला लावला. पोरं गेली. श्रेया नावाची एकटी मुलगी मागं राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा तिचा पानाचा काप पुन्हा जाड आला होता आणि पान पुन्हा फाटलं होतं. तिचे डोळे भरले होते. संस्कृतीनं पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं, आणि मुलीला हातातलं पातं नीट धरायला शिकवलं.

दारातून जाताना सुदर्शन सर थांबले. त्यांच्या आवाजात जरा विजय होता. "का? तुझे आठ तास संपले ना?"

"संपले, सर." संस्कृतीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "हा नववा माझा आहे. तो मी तिला दिलाय. तुम्हाला मागता येणार नाही."