शेवटची ओळ

फोटो छान आला होता. लाकडी डोक्यावर चढवलेला विग, खिडकीतून येणारा उजेड, मागे पडदा. अडलं होतं ते फक्त पोस्टखालच्या मजकुराच्या शेवटच्या ओळीवर.

"'आत्ताच बुक करा'," धाकटा भाऊ म्हणाला. पार्लरचा सगळा व्यवहार तोच बघायचा, म्हणून ताई त्याला मॅनेजर म्हणायची. आधी गमतीने, नंतर सवयीने. "केस कापायला तेच लिहितो, फेशियलला तेच लिहितो. लोक पटापट येतात."

"केस कापायला येणारीला माहीत असतं तिला काय हवंय," ताई म्हणाली. मागच्या खोलीत ती केमोवाल्या बायकांसाठी विग बसवायची. दार बंद करून, आरसा आधी झाकून. "माझ्याकडे येणारीला आधी काहीतरी विचारायचं असतं. 'मेसेज करा' लिही."

"मग 'लिंक बायोमध्ये' लिहू. पोस्टमधली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून सगळे बायोत, म्हणजे खात्यावरच्या माहितीत पाठवतात. तिथे सगळ्या सेवा, सगळ्या वेळा एकाच ठिकाणी आहेत."

"म्हणजे टक्कल पडायच्या भीतीने आलेल्या बाईला वॅक्सिंगच्या यादीतून मला शोधू दे?"

"ताई, मेसेजला उत्तर द्यावं लागतं. तुझ्या हातात सुई असते, माझ्या हातात अख्खं दुकान. आणि खरं सांगू? या महिन्यात तुझी खोली रिकामीच राहिली, तर मी तिथे नखं रंगवायची टेबलं टाकणार. मग म्हणू नकोस सांगितलं नव्हतं."

शेवटी 'मेसेज करा' ठरलं. मॅनेजर इतक्या सहज कबूल झाला याचं ताईला आश्चर्य वाटलं, पण भाऊच तो, एखाद्या दिवशी शहाण्यासारखा वागूही शकतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दुकानाच्या खात्याचा पासवर्ड त्याने कागदावर लिहून आरशाला चिकटवला. "पण तू नको बघत बसू. सगळी सोय केलीय मी."

महिना असाच गेला. ताई विग विंचरत राहिली. बुकिंग एकच आलं, तेही शुक्रवारचं. तिने आरसा झाकला, दोन रंगांचे नमुने काढून ठेवले, खुर्चीवर स्वच्छ टॉवेल टाकला. बाई आलीच नाही.

"बघ," मॅनेजर म्हणाला, "ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा, त्यांना साधं कळवायचीही तसदी नाही." आणि पुढच्या आठवड्यात टेप घेऊन खोली मोजायला लागला. नखांचा विषय असल्यामुळे मापं फार बारकाईने घेत होता.

एकही मेसेज कसा नाही, हे ताईला खटकत होतं. तो मोजत असतानाच तिने स्वतःच्या फोनवर दुकानाचं खातं उघडलं. अनोळखी लोकांचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, हे तिला नव्यानेच कळलं. कप्प्यात बरेच होते. वरचाच उघडून ती सुरुवातीपासून वाचायला लागली.

'माझे केस अजून आहेत. केमो पुढच्या आठवड्यात. विगसाठी केस गळायच्या आधी यावं की नंतर?'

खाली दुकानाचं उत्तर: 'संपर्काबद्दल धन्यवाद! 😊 आत्ताच बुक करा. लिंक बायोमध्ये.'

दोन दिवसांनी: 'बुक करते हो, पण आधी की नंतर तेवढं सांगा ना.'

'संपर्काबद्दल धन्यवाद! 😊'

मग: 'उशीवर केस दिसायला लागले. शुक्रवारची वेळ घेतलीय. रागावू नका, पण दार बंद असतं ना?'

'संपर्काबद्दल धन्यवाद! 😊'

शेवटचा मेसेज कालचा होता. 'मी त्यांची मुलगी. तुम्ही आला नाहीत, पुन्हा बुक करा, असे तुमचे मेसेज येतायत. आईला गुरुवारी ताप भरला आणि ती गेली. आता पाठवू नका.'

त्यालाही उत्तर गेलं होतं. हसऱ्या चेहऱ्यासकट.

"हे कोण लिहितंय?" ताईने विचारलं.

"कोणी नाही. आपोआप जातं." मॅनेजरने टेप गुंडाळली. "तुला कामात व्यत्यय नको म्हणून आवाजही बंद ठेवला होता."

तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. चेहरा उतरल्यावरही अंगठा सवयीने स्क्रीन सरकवत राहिला, पुढे आणखी काही असेल म्हणून. पुढे काही नव्हतं.

"आधी यायचं असतं," ताई म्हणाली. "केस असतानाच. रंग जुळवता येतो, कपाळावरची केसांची रेघ बघता येते. एका ओळीचं उत्तर होतं रे."

"मी आत्ता बंद करतो ते."

"कर."

मुलीला काय लिहावं ते ताईला सुचेना. 'माफ करा' लिहिलं. पुसलं नाही. पाठवलं. पोचलं नाही, मुलीने दुकानाला ब्लॉक केलं होतं.

कप्प्यातल्या बाकीच्या बायकांना तिने एकेक करून उत्तरं लिहिली. बहुतेक जणी दुसरीकडे जाऊन आल्या होत्या. या पोस्टच्या कितीतरी महिने आधी विचारलेल्या एकीने कळवलं, आता केस परत आलेत, तरी विचारल्याबद्दल आभार.

पहिल्या तारखेला नखांची टेबलं आली. विरोध करण्यासारखं ताईकडे काही उरलं नव्हतं. खोली खरोखरच रिकामी राहिली होती. लाकडी डोकं तिने टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

नखांच्या पोस्टखाली काय लिहायचं, हे मॅनेजरने तिलाच विचारलं. अलीकडे तो सगळंच विचारायचा.

"'आत्ताच बुक करा'," ताई म्हणाली. "नखांना तेच बरोबर आहे."

बरोबरच होतं. दुपारपर्यंत अख्खा आठवडा बुक झाला.